रजेचा मंजुरी-आदेश : परतण्याची सकाळ कोणती?

दक्षिण महाराष्ट्रातील एका बाजारपेठेच्या गावी कापडाची घाऊक पेढी आहे. दोन भाऊ ती चालवितात. थोरले, ज्यांना सारे गाव अण्णा म्हणते, खरेदी, देणी आणि नोकरमाणसे पाहतात. धाकटे विक्री आणि वसुली सांभाळतात. हिशेबाच्या वह्या, बँकेची कामे आणि जीएसटीची विवरणपत्रे एकोणीस वर्षांपासून एकाच दिवाणजींच्या हाती आहेत. 2025 च्या मे महिन्यात या दिवाणजींच्या मुलीचे लग्न त्यांच्या मूळ गावी ठरले. त्यांनी 19 एप्रिलला अर्ज दिला : ‘दि. 5 मेपासून पंधरा दिवसांची रजा मिळावी, ही विनंती.’ अण्णांनी अर्ज वाचला, लग्नाची चौकशी केली आणि त्याच कागदाच्या तळाशी लिहिले : ‘15 दिवस रजा मंजूर. वेळेवर हजर व्हावे.’ खाली सही केली.

या दोन वाक्यांत कोणाचाही हेतू वाईट नव्हता. तरीही महिनाअखेरीस पगाराच्या पाकिटातून दोन हजार रुपये कमी झाले, हजेरीपत्रकात ‘विनापरवानगी गैरहजर’ असे शब्द उमटले आणि एकोणीस वर्षांच्या माणसाने शांतपणे म्हटले, “अण्णा, माझा हिशेब करून द्या.” हे का घडले, हे समजून घेतले म्हणजे रजा मंजूर करणाऱ्याने काय लिहावे, हे वेगळे शिकावे लागत नाही.

एक ओळ, तीन अर्थ

दिवाणजी गुरुवार, 22 मे रोजी सकाळी पेढीवर आले. धाकटे शेठ त्यांची वाट सोमवार, 19 मेपासून पाहत होते. अण्णांच्या मते त्यांनी मंगळवार, 20 मे रोजी यावयास हवे होते. तिघांनीही एकच कागद वाचला होता.

अण्णांनी मोजणी अशी केली : 5 तारखेपासून सरळ पंधरा दिवस मोजले की 19 तारीख येते. 19 हा रजेचा शेवटचा दिवस, म्हणून 20 ला हजर. धाकट्या भावाच्या कानावर पडले होते ते एवढेच, की दिवाणजी ‘पाच ते एकोणीस’ जाणार. ‘एकोणीसपर्यंत रजा’ याचा त्यांनी लावलेला अर्थ असा, की एकोणीसला माणूस गादीवर असेल. दिवाणजींनी मात्र रविवार धरलेच नाहीत. पेढी रविवारी बंद असते, आणि बंद दिवशी रजा कसली घ्यावयाची? त्यांच्या हिशेबाने 5 ते 10 मे हे सहा दिवस, 12 ते 17 मे हे सहा दिवस, आणि 19, 20, 21 हे तीन दिवस, असे कामाचे पंधरा दिवस झाले. 12 मे रोजी बुद्धपौर्णिमा होती. पण ती या पेढीच्या ठरलेल्या सुट्ट्यांच्या यादीत नाही, म्हणून तो दिवसही त्यांनी रजेतच धरला होता. इतक्या प्रामाणिकपणे केलेल्या मोजणीनुसार 22 मे ही परतण्याची सकाळ ठरत होती.

येथे कोण चुकले, असा प्रश्न विचारणे सोपे आहे. उत्तर देणे सोपे नाही. कारण रजेचे दिवस मोजण्याच्या दोन्ही पद्धती आपल्या देशात रूढ आहेत. सरकारी नोकराच्या अर्जित रजेत मध्ये येणारे रविवार आणि सुट्ट्या रजेतच मोजल्या जातात. रजेच्या आधी किंवा नंतर लागून येणारी सुट्टी मात्र परवानगीने जोडून घेता येते आणि ती रजेत धरली जात नाही. त्याच सरकारी नोकराच्या नैमित्तिक रजेत मधला रविवार मोजला जात नाही. कारखान्यांसाठी 1948 च्या कारखाने अधिनियमाने घालून दिलेली पद्धत याहून निराळी : तेथे पगारी रजेच्या मध्ये किंवा दोन्ही टोकांना येणारी सुट्टी रजेत धरावयाची नाही. म्हणजे अण्णांची मोजणी सरकारी कचेरीतील अर्जित रजेसारखी होती, आणि दिवाणजींची कारखान्यातल्यासारखी. ‘पंधरा दिवस’ हे शब्द दोघांनाही तितकेच अनुकूल होते. ज्या आदेशात रजेची लांबी सांगितली जाते पण टोके सांगितली जात नाहीत, त्या आदेशात अर्थ भरण्याचे काम वाचणाऱ्याकडे जाते, आणि प्रत्येक जण तो आपल्या सवयीप्रमाणे भरतो.

वीस तारीख कोणाच्या ध्यानात आली नाही

या गोंधळात एक तारीख महत्त्वाची होती. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याला मागील महिन्याचे जीएसटीआर-3बी पुढील महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरावे लागते. दिवाणजींनी एप्रिलच्या विक्रीचे विवरणपत्र रजेवर जाण्यापूर्वीच भरून टाकले होते. पण 3बी त्यांना आधी भरून जाता येत नव्हते. कारण खरेदीवरील कराची वजावट दाखविणारा तक्ता पोर्टलवर साधारणतः 14 तारखेला तयार होतो आणि तो वह्यांशी ताडून पाहिल्याशिवाय भरावयाचा कर निश्चित होत नाही. म्हणजे हे काम 14 ते 20 या दिवसांतच बसते. दिवाणजी त्या दिवसांत लग्नघरी होते. परत आल्यावर 22 तारखेला त्यांनी पहिले काम तेच केले, पण दोन दिवसांचा उशीर झालेला होता.

दंडाची रक्कम पाहिली तर फार मोठी नाही. विलंब शुल्क रोज 50 रुपये, म्हणजे दोन दिवसांचे 100. रोखीने भरावयाच्या करावर सालीना 18 टक्के व्याज. पेढीला त्या महिन्यात 3,65,000 रुपये रोखीने भरावयाचे होते. त्यावर दोन दिवसांचे व्याज 360 रुपये. एकूण भुर्दंड 460 रुपयांचा. पण धाकट्या शेठना राग आला तो रकमेचा नव्हता. पेढीचे विवरणपत्र आजवर कधी उशिरा गेले नव्हते, याचा होता. त्या रागातच 20 आणि 21 मे या दोन दिवसांपुढे हजेरीपत्रकात ती नोंद झाली. दिवाणजींचा पगार महिन्याला 26,000 रुपये. सव्वीस दिवसांच्या हिशेबाने रोजचे 1,000, म्हणून 2,000 रुपये कापले गेले.

दिवाणजींना पैशांचे फारसे वाटले नाही. त्यांना लागले ते ‘विनापरवानगी’ या शब्दाचे. ज्या रजेवर मालकाची सही होती, तिच्यातलेच दोन दिवस विनापरवानगी कसे झाले, हे त्यांना कळेना. आणि हा शब्द केवळ अपमानाचा नसतो, त्याला पुढे परिणामही असतात. मंजूर रजा ही सेवेचा भाग असते. गैरहजेरी ही माणसाच्या नावावरची त्रुटी असते. पुढे कधी नोकरी सोडताना, देण्याघेण्याचा हिशेब होताना किंवा दुसऱ्या पेढीला कागद दाखविताना ती त्रुटी बोलते.

दिनदर्शिका गादीवर आली

पेढीचे पगार घरातील थोरल्या सूनबाई करतात. त्यांचे शिक्षण बी. कॉम. झालेले. हजेरीपत्रक आणि अर्ज शेजारी ठेवल्यावर त्यांना कापलेल्या दोन दिवसांचा आधार कागदात कोठेच सापडेना. त्यांनी भिंतीवरची दिनदर्शिका काढून गादीवर ठेवली आणि सासरे, चुलतसासरे व दिवाणजी या तिघांना एकच विनंती केली : “हा कागद वाचून, दिवाणजींनी ज्या दिवशी यावयाचे त्या दिवशी खूण करा.” तीन खुणा तीन घरांत पडल्या : 19, 20 आणि 22. त्यानंतर कोणी फारसे बोलले नाही.

अण्णांनी कपात मागे घेतली. पण ती कशी मागे घेतली, हेही पाहण्यासारखे आहे. हजेरीपत्रकातील जुनी नोंद खोडरबराने पुसली नाही किंवा त्यावर पांढरी शाई लावली नाही. मूळ शब्द वाचता येतील अशी एक आडवी रेघ मारून वर ‘अर्जित रजा’ असे लिहिले, शेजारी सही आणि दिनांक घातला. मूळ अर्जावरचा शेराही बदलला नाही. त्याचा संदर्भ देऊन स्वतंत्र दुरुस्ती-पत्र काढले, की मंजूर रजा ‘सोमवार, 5 मे ते बुधवार, 21 मे 2025, दोन्ही दिवस धरून, 11 व 18 मे हे रविवार वगळून कामाचे 15 दिवस’ अशी वाचावी. दिलेला कागद मागाहून गुपचूप बदलणे आणि चूक मान्य करून नवा कागद देणे, यांतला फरक व्यापाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. रोजमेळातही खाडाखोड चालत नाही, उलट नोंद करावी लागते.

त्यानंतर अण्णांनी एक प्रश्न स्वतःलाच विचारला. आपण एप्रिलमध्येच टोके लिहिली असती, तर काय झाले असते? ‘5 मे ते 21 मे’ असे लिहिताना लेखणी 20 तारखेवरून गेली असती, आणि विवरणपत्राची अडचण त्या क्षणी, म्हणजे उपाय हाताशी असतानाच, ध्यानात आली असती. तारखा स्पष्ट लिहिण्याचा पहिला लाभ रजेवर जाणाऱ्याला होतो असे वाटते. पण तो खरे तर मंजुरी देणाऱ्याला होतो. आपण नेमके काय देत आहोत, हे त्याला लिहितानाच कळते.

तो आदेश कसा असावयास हवा होता

विवरणपत्राची तारीख पाहून अण्णांनी पंधराऐवजी बारा दिवसांची रजा दिली असती. लग्न मेच्या दुसऱ्या आठवड्यात होते, तेव्हा बारा दिवसांत ते सुखाने पार पडले असते. मग आदेश पुढीलप्रमाणे झाला असता.

दिनांक : 28 एप्रिल 2025

प्रति, दिवाणजी, हिशेब विभाग

विषय : अर्जित रजेस मंजुरी

संदर्भ : आपला दि. 19 एप्रिल 2025 चा अर्ज

1. आपण 5 मे 2025 पासून पंधरा दिवसांच्या रजेची विनंती केली आहे. एप्रिल महिन्याचे जीएसटी विवरणपत्र 20 मेपर्यंत भरावयाचे असल्याने त्यांपैकी कामाच्या 12 दिवसांची रजा मंजूर करण्यात येत आहे. उर्वरित तीन दिवसांची रजा आपण 21 मेनंतर सोयीने मागू शकता.

2. रजेचा कालावधी : सोमवार, 5 मे 2025 ते शनिवार, 17 मे 2025, दोन्ही दिवस धरून. यातील रविवार, 11 मे रजेत मोजलेला नाही. रविवार, 4 मे आणि रविवार, 18 मे या साप्ताहिक सुट्ट्या रजेस जोडून घेण्यास परवानगी आहे.

3. रजेचा प्रकार : अर्जित रजा, पूर्ण पगारी. आपल्या खात्यावरील 23 दिवसांपैकी 12 दिवस वजा होतील. शिल्लक 11 दिवस.

4. शनिवार, 3 मे रोजी सायंकाळपर्यंत कपाटाच्या किल्ल्या, धनादेश पुस्तके आणि अपुऱ्या कामांची यादी थोरल्या सूनबाईंकडे सोपवून यादीवर त्यांची सही घ्यावी.

5. रजा वाढवून हवी असल्यास गुरुवार, 15 मेपर्यंत लेखी किंवा मोबाईल संदेशाने कळवावे. आमचा होकार लेखी मिळेपर्यंत रजा वाढली असे समजू नये.

6. सोमवार, 19 मे 2025 रोजी सकाळी 10 वाजता पेढीवर रुजू व्हावे आणि हजेरीपत्रकात सही करावी.

(सही) मालक

प्रत : पगार पाहणाऱ्या सूनबाई, विक्री विभाग

हा आदेश एका पानात मावतो. यातील प्रत्येक परिच्छेद एका वादाचे दार बंद करतो. म्हणून एकेक परिच्छेद पाहू.

टोके, वार आणि मोजणी

तारखेबरोबर वार लिहिणे हा शोभेचा भाग नव्हे. तारीख लिहिताना हात चुकतो. 17 च्या ठिकाणी 19 पडतो. वार सोबत असला की ही चूक लगेच उघडी पडते, कारण 19 मे शनिवार असू शकत नाही. धनादेशावर रक्कम अंकांत आणि अक्षरांत लिहितात त्याच न्यायाने तारीख आणि वार एकमेकांची पडताळणी करतात. ‘दोन्ही दिवस धरून’ हे तीन शब्द शेवटच्या दिवसाविषयीची शंका मिटवितात. ‘पर्यंत’ हा शब्द एकटा वापरू नये. मराठीत तो कधी त्या दिवसासह असतो, कधी त्या दिवसापूर्वी संपतो. आणि मोजलेले दिवस किती व न मोजलेले कोणते, हे आदेशातच लिहावे. कायद्याने वा पेढीच्या नियमाने मोजणीची जी पद्धत लागू असेल तीच वापरावी. पण वाचणाऱ्याला ती ठाऊक आहे, असे गृहीत धरू नये.

प्रकार आणि खाते

‘रजा मंजूर’ एवढेच लिहिले तर पगार पाहणारा ती कोठून वजा करणार? महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाप्रमाणे, ज्या आस्थापनांना या तरतुदी लागू आहेत तेथे, कामगाराला वर्षाला आठ दिवस पगारी नैमित्तिक रजा मिळते. ती न वापरल्यास वर्षाअखेर संपते. याखेरीज वर्षात किमान 240 दिवस काम केलेल्या कामगाराला पुढील वर्षी दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा मिळते, आणि ती 45 दिवसांपर्यंत साठविता येते. दिवाणजींनी 2024 मध्ये 280 दिवस काम केले होते. वीसने भागले की चौदा. मागील शिल्लक नऊ. म्हणून त्यांच्या खात्यावर तेवीस दिवस होते. आदेशात हा आकडा आला की रजा घेणाऱ्यालाही आपले खाते तपासता येते. चूक असेल तर ती एप्रिलमध्येच सापडते, वर्षाअखेर नव्हे.

एक बाब मात्र मंजुरी देणाऱ्याने जपावी. रजेचे दिवस कमी करणे किंवा कामाच्या निकडीमुळे रजा नाकारणे हे त्याच्या अधिकारात असू शकते. पण मागितलेल्या आणि खात्यावर असलेल्या रजेचा प्रकार स्वतःहून बदलणे योग्य नव्हे. सरकारी नियमांतही हीच भूमिका आहे : रजा हक्क म्हणून मागता येत नाही, तथापि मागितलेल्या व देय असलेल्या रजेचा प्रकार, कर्मचाऱ्याची लेखी विनंती असल्याखेरीज, अधिकाऱ्याने बदलावयाचा नाही. अर्जित रजा शिल्लक असताना ‘बिनपगारी’ असा शेरा मारणे म्हणजे दुसऱ्याच्या जमेच्या रकमेला हात लावणे होय. आणि मागणीपेक्षा कमी दिवस दिले असतील तर ते लपवू नये. नमुन्यातील पहिल्या परिच्छेदात मागणी, मंजुरी आणि कारण अशा तिन्ही गोष्टी एकत्र आहेत. नुसतेच ‘12 दिवस मंजूर’ लिहिले असते, तर दिवाणजींना ती लेखनातील चूक वाटली असती आणि ते आपल्या पंधरावर ठाम राहिले असते.

अटी थोड्या आणि पाळता येण्याजोग्या

‘वेळेवर हजर व्हावे’ ही अट दिसते, पण ती अट नाही. कारण वेळ कोणती हे तिच्यात नाही. ‘कामाची अडचण होणार नाही याची दक्षता घ्यावी’ हेही तसेच. अट तीच, जी पाळली की नाही हे तिसऱ्या माणसाला कागद पाहून सांगता येते. किल्ल्या तीन तारखेच्या सायंकाळपर्यंत दिल्या की नाही, हे सहीवरून कळते. मुदतवाढीची मागणी पंधरा तारखेपर्यंत आली की नाही, हे संदेशावरून कळते. मुदतवाढीचे कलम विशेष महत्त्वाचे. रजेवरील माणूस निरोप धाडतो, पलीकडून उत्तर येत नाही, आणि तो मौनाला होकार समजतो. बहुतेक गैरहजेऱ्या अशाच जन्माला येतात. म्हणून मौनाचा अर्थ काय, हे आदेशाने आधीच सांगून ठेवावे. आणि मंजुरी देणाऱ्यानेही शेवटचा दिवस उजाडण्यापूर्वी उत्तर देण्याचे बंधन पाळावे. मागणीसाठी गुरुवार ठेवला तो याचसाठी, की उत्तराला शुक्रवार आणि शनिवार हाताशी राहावेत.

आजारपणाच्या रजेत एक अट वाढते : रुजू होताना डॉक्टरांचे तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र. ती अट रजा मंजूर करतानाच लिहावी. रजा संपवून दारात उभ्या राहिलेल्या माणसाला, ‘प्रमाणपत्र आणा, मग या’ असे सांगितले, तर तो वाया गेलेला दिवस कोणाच्या खात्यावर टाकावा हा नवा वाद उभा राहतो.

रुजू होण्याची ओळ

साऱ्या आदेशात एकच ओळ वाचावयाची असेल, तर ती शेवटची होय. रजेची टोके दिली की परतण्याचा दिवस काढता येतो, हे खरे. पण तो काढण्याचे काम वाचणाऱ्यावर सोडू नये. 17 मेला रजा संपते आणि 18 ला रविवार आहे, तेव्हा 19 ला यावयाचे, हे मंजुरी देणाऱ्यानेच मोजून लिहावे. कोठे यावयाचे हेही लिहावे. ज्यांची पेढी एका ठिकाणी आणि गोदाम दुसऱ्या ठिकाणी आहे, तेथे माणूस गोदामावर सही करतो आणि पेढीवर गैरहजर ठरतो.

शेवटी प्रतींचा प्रश्न. या पेढीत मंजुरी अण्णांची, हजेरीपत्रक धाकट्या भावाच्या देखरेखीखाली आणि पगार सूनबाईंच्या हाती. तिघांपैकी दोघांना आदेशाची प्रत मिळालीच नव्हती. त्यांना मिळाली ती ऐकीव माहिती. कुटुंबाच्या पेढीत हे विशेष घडते. एक काका तोंडी ‘जा, आम्ही पाहतो’ म्हणतात. दुसऱ्यांना ठाऊक नसते. रजा कोण मंजूर करतो हे एकदा ठरवून, त्याचीच सही चालेल असे सर्वांना सांगावे. इतरांनी शिफारस जरूर करावी. पण ‘शिफारस आहे’ म्हणजे ‘मंजूर आहे’ नव्हे, हे अर्ज देणाऱ्यालाही कळलेले असावे.

आदेश लिहून झाल्यावर सूनबाईंनी आता एक साधी रीत ठेवली आहे. तो कागद त्या विषयाची काहीच माहिती नसलेल्या घरातील कोणाही माणसाला देतात आणि तीन प्रश्न विचारतात : कामावर न येण्याचा पहिला दिवस कोणता, परत येण्याची सकाळ कोणती, आणि पगार कापावयाचा की नाही? दिनदर्शिका न मागता आणि फोन न करता तिन्ही उत्तरे मिळाली, तरच अण्णांची सही होते. एकदा विक्रीवरच्या मुलाच्या रजेत दुसऱ्या प्रश्नाला आठवीतला नातू अडखळला. पाहिले, तर रजा संपल्यानंतरचा दिवस पेढीच्या सुट्टीचा होता आणि रुजू होण्याची तारीख तीच पडली होती. कागद परत लिहिला गेला.

दिवाणजी अजून त्याच गादीवर आहेत. दिवाळीनंतर त्यांनी पुन्हा रजा मागितली, ती चार दिवसांची. या वेळी अर्जातच त्यांनी पहिला दिवस, शेवटचा दिवस आणि खात्यावरची शिल्लक लिहिली होती, आणि खाली स्वतंत्र ओळीत रुजू होण्याचा वार व तारीख. अण्णांनी तारखा दिनदर्शिकेवर बोट ठेवून तपासल्या, त्यांत वीस तारीख येत नाही हे पाहिले, आणि मगच आदेश लिहावयास घेतला.